सुरी लागली आणि बोटाचं टोक वाकेना? नुसते टाके घालून घरी जाऊ नका

मी फिजिओ आहे, गेली बरीच वर्षं हाताचेच पेशंट बघते, आणि दरवर्षी गणपतीच्या आसपास माझ्याकडे एक ठरलेला पेशंट येतोच. नारळ फोडला, वाटी डाव्या हातात धरली, उजव्या हातात सुरी, टोक खोबऱ्यात खुपसून भकलं उचकटायचं, आणि सुरी सटकते ती थेट डाव्या हाताच्या बोटाच्या मुळाशी. जखम एवढीशी, सेंटीमीटरभर. दहा मिनिटात रक्त थांबतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, "आठ दिवसांनी टाके काढायला या". नवव्या दिवशी पट्टी निघते तेव्हा कळतं की बोटाचं टोक वाकतच नाहीये.

मागच्या वर्षी हा पेशंट माझी मावसबहीणच होती. तिची गोष्ट सांगत सांगतच लिहिते.

आधी "नस कापली" म्हणजे नक्की काय ते बघू

आपल्याकडे "शीर तुटली", "नस कापली" हे तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. रक्तवाहिनी कापली तरी नस, बधिरपणा आणणारी नर्व्ह कापली तरी नस, आणि बोट वाकवणारी दोरी कापली तरी नसच. या तिसऱ्या दोरीला टेंडन म्हणतात (पुस्तकात कंडरा, पण हॉस्पिटलात कोणी म्हणत नाही). इथे मुद्दा तिचाच आहे. रक्त थांबलं म्हणजे नस ठीक आहे असं जे घरचे म्हणतात ते रक्तवाहिनीबद्दल बरोबर असतं, पण टेंडनबद्दल त्यावरून काहीही कळत नाही.

बोट वाकवणारे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली हाताच्या मांसल भागात असतात. तिथून लांब दोऱ्या मनगटातून, तळहातातून बोटात येतात. प्रत्येक बोटात अशा दोन दोऱ्या, अंगठ्यात एक. एक मधल्या पेरापर्यंत जाते आणि मधला सांधा वाकवते, दुसरी तिच्या खालून, खोलातून शेवटच्या पेरापर्यंत जाते आणि टोक वाकवते. टोक वाकवणारी ती एकटीच, तिला पर्याय नाही. म्हणून टोक वाकत नसेल पण मधला सांधा वाकत असेल तर बहुतेक खोलातली दोरी गेलीय आणि वरची शाबूत आहे, आणि हेच प्रकरण सगळ्यात जास्त सुटून जातं कारण बोट "वाकतंय की" असं वाटतं. माझ्या बहिणीनेही पहिल्या दिवशी मला फोनवर हेच सांगितलं, बोट हलतंय गं, थोडं अवघडलंय एवढंच.

घरी तपासायचं कसं

आधी रक्त थांबवा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दहा मिनिटं सलग दाबायचं, मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही, हात छातीच्या वर. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवायचं. हळद, कॉफी, टूथपेस्ट यातलं काहीही भरायचं नाही, नंतर सर्जनला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि आत काय कापलंय तेही दिसत नाही. अंगठी असेल तर आत्ताच काढा, दोन तासांनी बोट सुजल्यावर ती कापावी लागते. बोटाच्या मुळाशी रबरबँड किंवा दोरा आवळून बांधू नका.

आता तपासणी. तीन गोष्टी बघायच्यात, पाच मिनिटांचं काम.

पहिली म्हणजे नुसतं बघायचं. हात टेबलावर तळवा वर करून सैल सोडायचा. निवांत हातात सगळी बोटं थोडी थोडी वाकलेली असतात, तर्जनी सगळ्यात कमी आणि करंगळी सगळ्यात जास्त, एका ओळीत उतरत गेल्यासारखी. टेंडन तुटलेलं बोट या ओळीतून बाहेर येतं, बाकीची वाकलेली आणि ते एकटं सरळ. लहान मुलांमध्ये, जी सांगितलेलं करत नाहीत आणि रडत असतात, त्यांच्यात मुख्यतः हेच बघायचं, मूल झोपल्यावर बघितलं तर अजून छान दिसतं.

दुसरी, टोकाची. दुसऱ्या हाताने दुखऱ्या बोटाचं मधलं पेर दोन्ही बाजूंनी घट्ट धरायचं, म्हणजे मधला सांधा सरळ राहील, आणि म्हणायचं आता फक्त टोक वाकव. जोर लावायचा नाही, हळूच. आधी चांगल्या हातावर करून बघा म्हणजे नॉर्मल कसं असतं ते कळेल. दुखत असलं तरी शाबूत टेंडन थोडं तरी टोक हलवतंच, अगदी केसभर का होईना. काहीच हललं नाही तर तुटलंय असंच धरून चालायचं. आणि टोक हलतं पण वाकवताना जखमेत चांगलीच कळ येते किंवा ताकद लागतच नाही, तर अर्धवट कापलेलं असू शकतं, तेही दाखवायचंच, कारण अर्धवट कापलेली दोरी नंतर साधं काहीतरी उचलताना पूर्ण तुटू शकते. म्हणूनच ही परीक्षा एकदाच करायची. घरातल्या प्रत्येकाने येऊन "बघू बघू, वाकव जरा" करायचं नाही.

(मधल्या सांध्याची वेगळी टेस्ट आहे, बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरायची आणि एकच बोट वाकवायला सांगायचं, पण करंगळीत ती बऱ्याच लोकांना मुळातच जमत नाही, त्यामुळे घाबरू नका, दुसऱ्या हाताची करंगळी बघा आणि बाकी डॉक्टरवर सोडा.)

तिसरी, बधिरपणा. डोळे मिटायला सांगून कापसाने किंवा रुमालाच्या टोकाने बोटाच्या दोन्ही कडांना हलकेच स्पर्श करायचा. एका बाजूला कळत नसेल तर त्या बाजूची नर्व्ह गेलीय, आणि नर्व्ह टेंडनच्या अगदी शेजारून जाते त्यामुळे दोन्ही सोबत कापणं अगदी कॉमन आहे. हे दवाखान्यात भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी झालं पाहिजे. एकदा भूल दिली की बोट बधिरच असणार, मग कोणाला काय कळणार.

माझ्या बहिणीला करंगळीच्या बाहेरच्या कडेला "कापूस लावल्यासारखं" वाटत होतं. तिला वाटलं सुजेमुळे असेल. माझं चुकलं ते इथे, मी फोनवर बोट हलतंय ना एवढं विचारलं आणि सोडून दिलं, व्हिडिओ कॉल करून टोक वेगळं तपासायला दोन मिनिटं लागली असती.

जखम एवढीशी आणि आत एवढं कसं?

यावर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून सांगते. सुरी लागते तेव्हा तुम्ही वाटी धरलेली असते, म्हणजे बोटं वाकलेली असतात. वाकलेल्या बोटात टेंडन मनगटाकडे सरकलेलं असतं. त्या अवस्थेत कातडीला आणि टेंडनला एकाच जागी काप बसतो. मग तुम्ही बोट सरळ करता, टेंडनचा कापलेला भाग टोकाकडे सरकतो आणि कातडीची जखम जागच्या जागी राहते. आता डॉक्टरने त्या छोट्या जखमेत डोकावून बघितलं तर त्याला अखंड काहीतरी दिसू शकतं किंवा काहीच दिसत नाही. म्हणून जखमेत बघून टेंडन ठीक आहे हे ठरत नाही, बोट हलवून ठरतं. एक्सरेत टेंडन दिसतच नाही. काच घुसली असेल किंवा हाडाची शंका असेल तर एक्सरे हवाच, पण "एक्सरे नॉर्मल आहे" याचा अर्थ टेंडन नॉर्मल असा लावू नका.

घाई कसली? किती दिवस हातात असतात?

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण "जखम भरू दे मग बघू" हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. सर्दी-पडशासारखं थांबून बघायचं हे प्रकरण नाही, तुटलेलं टेंडन आपलं आपण जोडलं जात नाही.

दोरी कापली गेली की तिचा वरचा तुकडा मोकळा होतो आणि स्नायू त्याला स्वतःकडे ओढतो, ताणलेला रबर सोडल्यासारखा. कधी आतल्या बारीक धाग्यांसारख्या जोडण्या त्याला बोटातच अडवून ठेवतात, कधी तो तळहातात जाऊन बसतो. पहिल्या काही दिवसात सर्जन तो तुकडा पकडून परत बोटात आणू शकतो, ताण न देता टोकं जुळतात. दिवस जातात तसा स्नायू त्या आखडलेल्या लांबीतच मुरतो आणि तुकड्यांची टोकं सुजून मऊ पडतात, टाका धरत नाहीत. शिवाय बोटात टेंडन एका चिंचोळ्या बोगद्यातून जातं, आणि तो बोगदा रिकामा राहिला की आतून चिकटून बंद होत जातो, मग दोरी आणली तरी घालायची कुठून.

म्हणून साधारण हिशोब असा धरा. त्याच दिवशी दाखवायचं, आणि ऑपरेशन पहिल्या काही दिवसात झालं तर उत्तम. दोन आठवड्यांपर्यंत सरळ जोडणं बहुतेक वेळा शक्य असतं. त्यानंतर दर दिवसाला अवघड होत जातं, आणि तीन-चार आठवड्यांनी सरळ जोडणं बरेचदा होतच नाही. जबरदस्ती ओढून जोडलं तर वेगळाच त्रास, मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या खोल दोऱ्या एकाच स्नायूच्या मांसातून निघतात, एका जुवाला बांधलेल्या बैलांसारख्या, त्यामुळे एकीची लांबी कमी केली की बाकीची चांगली बोटंही पूर्ण मिटत नाहीत.

उशिरा आलेल्या माणसासमोर मग काय उरतं? एक मार्ग म्हणजे दोन टप्प्यांचं ऑपरेशन. आधी बोटात सिलिकॉनची नळी घालून ठेवायची, साधारण तीन महिने तिच्याभोवती नवा बोगदा तयार होऊ द्यायचा, मग नळी काढून तिच्या जागी मनगटातून किंवा पायातून काढलेलं टेंडन बसवायचं. त्यानंतर परत महिनोन्महिने फिजिओ. म्हणजे एका छोट्या ऑपरेशनऐवजी दोन मोठी आणि कामातलं जवळजवळ वर्ष. दुसरा मार्ग, मधला सांधा छान वाकत असेल तर तसंच सोडून द्यायचं, किंवा टोकाचा सांधा थोडा वाकवून कायमचा जाम करून टाकायचा. ऐकायला वाईट वाटतं पण काही लोकांसाठी हाच शहाणा पर्याय असतो, आणि नुसत्या टोकासाठी चांगलं चालणारं बोट पणाला लावू नका असं सर्जन म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीयेत.

एक गंमत सांगते. तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्याला सर्जन लोक 'नो मॅन्स लँड' म्हणायचे, दोन्ही दोऱ्या त्या अरुंद बोगद्यात एकत्र असल्यामुळे तिथे जोडलं की सगळं चिकटून बसायचं, म्हणून तिथे ताबडतोब हात घालूच नये असं शिकवायचे. १९६०च्या दशकात हे बदलायला लागलं, लगेच जोडणं आणि लगेच हलवणं सुरू झालं. पण "आत्ता नको, नंतर ग्राफ्ट करू", म्हणजे दुसरीकडचं टेंडन बसवू, असं म्हणणारं कोणीतरी अजूनही भेटतं.

हॉस्पिटलात काय म्हणायचं

रात्री दोन वाजताच ऑपरेशन व्हायला पाहिजे असं नाही, हे आधी सांगते, नाहीतर घाबरून पळापळ होते. जखम नीट धुवून, कातडीला टाके घालून, बोटं हलकी वाकलेल्या अवस्थेत स्प्लिंट, म्हणजे हात हलू न देणारा कडक आधार, बांधून दोन दिवसांनी चांगल्या सर्जनकडे नीट ऑपरेशन झालेलं केव्हाही बरं. नुसते टाके घालणं ही चूक नाही, टाके घालून विषय संपवणं ही चूक. तासाभरात धावायचं ते बोट पांढरं-निळं आणि गार पडलं असेल, किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर. आणि एक-दोन दिवसांनी बोट सगळीकडून सुजलं, वाकलेलंच राहिलं आणि कोणी जरा सरळ करायला गेलं तर जीव जातोय असं दुखलं, तर बोगद्यात पू होतोय, तेव्हाही त्याच दिवशी हॉस्पिटल.

कॅज्युअल्टीत गेल्यावर "सुरी लागली" एवढंच सांगू नका, ते फक्त टाके घालतील. असं सांगा: "करंगळीचं टोक वाकत नाही आणि एका बाजूला बधिर आहे, टेंडन तपासून लिहून द्या." लिहून द्या हे महत्त्वाचं, केसपेपरवर आलं की पुढचा डॉक्टर दुर्लक्ष करत नाही. मग विचारा हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनला कधी दाखवायचं, आजच्या आज चिठ्ठी मिळेल का. प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना नाक सरळ करणारे डॉक्टर वाटतात, पण आपल्याकडे हाताची ही कामं बरीचशी तेच करतात, काही ठिकाणी ऑर्थोपेडिकवाले करतात. मुंबईत केईएम, सायन यांसारख्या मोठ्या सरकारी-पालिका हॉस्पिटलांमध्ये प्लास्टिक सर्जरीचा वेगळा विभाग आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात चौकशी करा. डॉक्टरने काही ठरवेपर्यंत खाऊ नका, चहासुद्धा नको, भूल द्यायची वेळ आली तर उगाच सहा तास थांबावं लागतं.

माझ्या बहिणीचं ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं. म्हणजे अगदी काठावर. वरचा तुकडा तळहातात जाऊन बसला होता, तो शोधायला काप वाढवावा लागला, करंगळीवर तिला नागमोडी टाक्यांची रेघ आहे (सरळ काप घातला तर व्रण आखडून बोट वाकडं होतं म्हणून झिगझॅग घालतात). नर्व्हही त्याच वेळी जोडली. तिला फक्त हातापुरती भूल दिली होती आणि जोडून झाल्यावर सर्जननी तिलाच सांगितलं, आता वाकवा, आणि टोक हललं. ती म्हणते त्यावेळी मी रडले.

नंतरचे सहा आठवडे, जिथे खरी गंमत बिघडते

जोडलेलं टेंडन म्हणजे ओल्या दोऱ्याची गाठ समजा. अजिबात हलवलं नाही तर बोगद्याला चिकटतं, जोरात हलवलं तर तुटतं, आणि या दोन्हीच्या मधून आम्हाला चालायचं असतं. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट, बोटं पूर्ण सरळ होऊन ताण बसू नये अशी, आणि तीन ते पाच दिवसांत हालचाल सुरू. आधी दुसऱ्या हाताने बोट हळूच मिटवायचं, स्प्लिंटपर्यंत स्वतः सरळ करायचं, मग सर्जन म्हणतील तेव्हा स्वतःच्या ताकदीने थोडं, अर्धी मूठ होईल इतकंच. दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा दर एक-दोन तासांनी पाच-दहा वेळा. नेमका किती वेळा आणि किती ते तुमच्या सर्जनचं टाक्याचं गणित बघून तुमचा थेरपिस्ट ठरवेल, इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून करू नका.

स्प्लिंट सहा आठवडे, झोपतानाही. बायकांच्या बाबतीत हे सगळ्यात अवघड, कारण घरात सगळ्यांना वाटतं हाताला प्लास्टर नाही म्हणजे बरी झाली. कणीक मळणं, कपडे पिळणं, कुकरचं झाकण लावणं, बादली उचलणं, स्कूटीचा ब्रेक दाबणं, यातलं काहीच नाही. सहा-आठ आठवड्यांनी हलकी कामं, आणि जोराची पकड साधारण बारा आठवड्यांनंतर. तुटण्याची भीती पहिल्या काही आठवड्यात सगळ्यात जास्त असते, त्यातही नेमकी दुखणं कमी होतं तेव्हा, कारण माणूस विसरतो. अचानक "टक" झालं आणि काल वाकणारं टोक आज वाकेना, तर सोमवारी बघू करायचं नाही, त्याच दिवशी सर्जनला फोन.

आणि सिगारेट-तंबाखू बंद. हे मी सगळ्यांना सांगते आणि निम्मे लोक खोटं बोलतात, तुटलेलं टेंडन मात्र ते ओळखतं.

माझ्या बहिणीचं टोक आता पूर्ण नाही पण निम्म्याच्या वर वाकतं, मूठ मिटते, तळहाताला नख टेकतं. चार महिने लागले. बधिरपणा हळूहळू टोकाकडे सरकत गेला, नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते त्यामुळे घाई करून उपयोग नसतो, अजून थंडीत त्या कडेला झिणझिण्या येतात. यंदा गणपतीला तिने नारळाच्या वाट्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाकून ठेवल्या होत्या, सकाळी पाण्यात टाकून कडेने टकटक केल्यावर खोबरं बरंचसं अख्खं सुटून आलं, आणि मोदकाच्या सारणाचं विळीवर खवलं. सुरी तिच्या सासूबाईंनी वरच्या फळीवर ठेवलीये, हिला हात पुरणार नाही अशी.